बिलं यायची आहेत, खर्च मात्र झालेला आहे

३१ मार्चला आरोग्यविमा कंपनी वर्षाचा हिशेब मिटवते, तेव्हा रुग्णालयांतले बरेच हिशेब उघडेच असतात. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेला कुणी अजून घरी जायचा असतो. फेब्रुवारीत घरी गेलेला दुसरा कुणी बिलं, रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड गोळा करून एप्रिलमध्ये फाइल पाठवणार असतो. उपचार झाले, म्हणजे कंपनीचं देणंही तयार झालं. पण ते किती, हे तिला अजून कळलेलं नाही, आणि ताळेबंदात आकडा तर लिहावाच लागतो.

या देण्यासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला क्लेम रिझर्व्ह म्हणतात. तिचा एक भाग सोपा असतो: फाइल आली आहे, पैसे द्यायचे बाकी आहेत. दुसरा भाग अवघड. आजारपण घडून गेलं, पण कंपनीला त्याची खबरच नाही. या क्षेत्रात त्याला ‘आयबीएनआर’ म्हणतात. भारतात हा आकडा कंपनीच्या अपॉइंटेड अ‍ॅक्च्युअरीने, म्हणजे नेमलेल्या विमागणितज्ञाने, प्रमाणित करावा लागतो. आणि कधी कधी तिला संचालक मंडळासमोर एक टिपण ठेवून सांगावं लागतं, की धरलेली तरतूद कमी आहे, ती वाढवा. असं टिपण कशाच्या आधारावर लिहिलं जातं, ते एका उदाहरणातून पाहू. कंपनी काल्पनिक आहे आणि आकडे सोपे केले आहेत. पद्धत मात्र खरीच.

साठ कोटींवरून अंदाज

जानेवारी ते मार्च या तिमाहीत कंपनीच्या वाट्याला ११० कोटींचा प्रीमियम आला. याच तिमाहीतल्या उपचारांपोटी ३१ मार्चपर्यंत ६० कोटी रुपये देऊन झाले. आजवरचा अनुभव असा, की तिमाहीच्या एकूण दाव्यांपैकी ७० टक्के रक्कम तिमाही संपेपर्यंत दिली जाते. जुन्या तिमाह्यांचे दावे महिन्यामहिन्याला कसे वाढत गेले, याचा त्रिकोणी तक्ता मांडून हे प्रमाण काढतात. या पद्धतीला ‘चेन लॅडर’ म्हणतात.

वित्त विभागाने या वेळी ७० ऐवजी ७५ टक्के धरले. त्याला कारणही होतं. विमा नियामक ‘इर्डाई’ने २०२४ मध्ये कॅशलेस उपचारांना एका तासात मंजुरी आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी, अशी मुदत घालून दिली. पैसे लवकर जात असतील, तर ६० कोटींत एकूण देण्याचा मोठा हिस्सा आला असणार. म्हणून एकूण दावे ८० कोटी, आणि बाकी देणं २० कोटी.

अ‍ॅक्च्युअरीचं टिपण इथूनच सुरू होतं. दिलेली रक्कम दोन कारणांनी वाढते: पैसे लवकर दिले म्हणून, किंवा दावेच जास्त आले म्हणून. एकूण आकड्यात ही दोन्ही कारणं सारखीच दिसतात. ती वेगळी करायची, तर आकडा फोडावा लागतो.

तिने कॅशलेस आणि रिइम्बर्समेंट वेगळे केले. कॅशलेसमध्ये ४४ कोटी दिले होते आणि तिथला वेग खरोखरच वाढला होता: ८० टक्क्यांवरून ८८. म्हणजे एकूण कॅशलेस दावे ५० कोटी, बाकी ६ कोटी. इथपर्यंत वित्त विभागाचं म्हणणं बरोबर ठरलं.

रिइम्बर्समेंटमध्ये १६ कोटी दिले होते. तिथे मात्र क्लेम रजिस्टर वेगळीच गोष्ट सांगत होतं. एका तासाची मुदत पाळायची म्हणून माणसं कॅशलेसच्या टेबलावर हलवली गेली आणि इकडे फाइली साचत गेल्या. पूर्वी तिमाहीअखेर ५५ टक्के रक्कम दिलेली असायची. तिच्या अंदाजाने ते प्रमाण आता ४० टक्क्यांवर आलं होतं. मग एकूण रिइम्बर्समेंट ४० कोटी आणि बाकी देणं २४ कोटी.

सहा आणि चोवीस मिळून तीस. पुस्तकात वीस होते.

एकूण दाव्यांचा अंदाज ८० वरून ९० कोटींवर गेला, म्हणजे साडेबारा टक्क्यांनी. तरतूद मात्र दीडपट करावी लागते, कारण दिलेले ६० कोटी दोन्ही हिशेबांत तेच आहेत आणि चुकीचा सगळा भार उरलेल्या देण्यावर पडतो. दाव्यांच्या वेगात झालेला छोटासा बदल रिझर्व्हमध्ये इतका मोठा होऊन दिसतो, तो यामुळेच.

गृहीतकं उघड मांडायची

चांगल्या टिपणात आकड्याइतकीच जागा गृहीतकांना असते. ४० टक्के हा अंदाज आहे, म्हणून तो दुसऱ्या वाटेने तपासावा लागतो. रजिस्टरमध्ये ४,००० फाइली पडून होत्या. सरासरी दावा मागच्या वर्षी ४०,००० रुपयांचा होता, या वर्षी ४५,०००. म्हणजे हातातल्या फाइलींचेच १८ कोटी झाले. उरलेले ६ कोटी अजून न आलेल्या फाइलींचे, आणि डिस्चार्जनंतरच्या औषधं-तपासण्यांच्या बिलांचे. दोन वाटांनी निघालेले आकडे जुळले, म्हणून २४ कोटींवर भरवसा ठेवता येतो. ते जुळले नसते, तर आधी कारण शोधायचं आणि मगच सही करायची.

आणखी दोन गृहीतकं तिने स्पष्ट लिहिली: पडून असलेल्या फाइलींत नाकारले जाणारे दावे नेहमीच्याच प्रमाणात असतील, आणि सरासरी दावा ४५,०००च्या आसपास राहील. मग अंदाज चुकला तर काय होईल, तेही सांगितलं. रिइम्बर्समेंटचं प्रमाण ४० ऐवजी ४५ टक्के निघालं, तर एकूण तरतूद सुमारे २५.६ कोटी पुरेल. ३५ टक्के निघालं, तर सुमारे ३५.७ कोटी लागतील. अनुकूल बाजू धरली तरी २० कोटी पुरत नाहीत. टिपणातला सर्वांत वजनदार मुद्दा हाच.

परिणामही झाकलेला नाही. करपूर्व नफा १० कोटींनी घटेल. प्रीमियमच्या शंभर रुपयांमागे दाव्यांवर जाणारी रक्कम ७३ वरून ८२ रुपयांवर जाईल, आणि त्यावर एजंटांचं कमिशन आणि कारभाराचा खर्च वेगळा. कंपनीकडे २०० कोटींची मोकळी मत्ता आणि नियमाने लागणारी रक्कम ११५ कोटी असेल, तर सॉल्व्हन्सी गुणोत्तर १.७४ वरून १.६५च्या आसपास उतरेल. नियामकाची किमान मर्यादा १.५ आहे. कंपनी सुरक्षित राहते, पण असाच आणखी एक धक्का तिला या मर्यादेच्या अगदी जवळ नेईल.

पॉलिसीधारकाचा संबंध

रिझर्व्ह वाढवल्याने एकही दावा कमी होत नाही. देणं तेवढंच राहतं. ते आज दिसतं की पुढच्या वर्षी, एवढाच फरक. पण हा फरक महागात पडतो, कारण पुढच्या वर्षाचा प्रीमियम याच दाव्यांच्या अंदाजावरून ठरतो. दाव्यांचा खर्च दरवर्षी १२ टक्क्यांनी वाढतो आहे आणि कंपनीने तो तीन वर्षं पाहिलाच नाही, असं धरा. मग दर एकदम ४० टक्क्यांनी वाढवण्याची वेळ येते. अशा वाढीनंतर तरुण, निरोगी माणसं दुसऱ्या कंपनीकडे जातात. मागे उरतात ते वयस्क आणि जुने आजार असलेले, ज्यांना नवी कंपनी सहजी घेत नाही. त्यांचे दावे जास्त, म्हणून दर पुन्हा वाढतात. ज्येष्ठांच्या प्रीमियममध्ये वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करायची असेल, तर आधी नियामकाशी सल्लामसलत करावी, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. हे संरक्षण योग्यच आहे. पण त्यामुळे उशिरा जाग आलेल्या कंपनीला तूट भरून काढायला वाव आणखी कमी उरतो.

म्हणून दहा कोटींचा नफा आज सोडून देण्याचा सल्ला पॉलिसीधारकाच्याही हिताचा असतो. विमा कंपन्यांना आपले आकडे दर तिमाहीला संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात. नूतनीकरणाआधी त्यात दोन गोष्टी पाहाव्यात: दाव्यांचं प्रमाण आणि सॉल्व्हन्सी. बाकीच्या कंपन्यांचे दावे वाढत असताना एखाद्या कंपनीचं प्रमाण कमीच राहत असेल, तर ती उत्तम चालली आहे असं लगेच मानू नये. तिथे कुणीतरी २० कोटी लिहिले असतील आणि ३० लिहायला सांगणारं टिपण बाजूला पडलं असेल, ही शक्यताही उरतेच.