लोखंडी कपाटातली ओल

ऑक्टोबरात लोखंडी कपाट उघडलं आणि कुबट वास नाकात शिरला, की बहुतेक घरांतून पहिला उपाय होतो तो डांबराच्या गोळ्यांचा. या गोळ्या कसर-झुरळांना पळवतात, बुरशीला नाही. उलट त्यांचा उग्र वास कागदात असा मुरतो, की पुस्तकाला पुढे दोन वास येऊ लागतात. कुबट वास सोडते ती वाढणारी बुरशी, आणि बुरशी ओलीवर जगते. म्हणून आधी ओल, मग बुरशी आणि शेवटी वास, याच क्रमाने काम करावं लागतं.

लाकूड हवेतला थोडा दमटपणा शोषून घेतं, पत्रा काहीच शोषत नाही. पावसाळ्यात कपाटात कोंडलेली दमट हवा रात्री थंड पत्र्याला टेकते आणि गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतो तसा घाम आतून सुटतो. कपाट बाहेरच्या भिंतीला किंवा न्हाणीघराच्या भिंतीला चिकटून असेल तर मागचा पत्रा सर्वांत थंड राहतो. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला तेवढं पुरतं.

चिपळूणच्या एका ओळखीच्या घरी नेमकं हेच झालं होतं. खालच्या कप्प्यात जुने दिवाळी अंक, हिशेबाच्या वह्या आणि जमिनीचं खरेदीखत, सगळं मागच्या पत्र्याला टेकून गच्च भरलेलं. पुढच्या रांगेला नुसता वास होता, मागच्या रांगेच्या कडांवर राखाडी-हिरवे ठिपके. घरातल्या काकांनी ओल्या फडक्याने ते पुसायला घेतले आणि ठिपक्यांच्या जागी फराटे उठले. ओली बुरशी पुसली की कागदाच्या तंतूंत घुसते. वाळली की ती भुकटी होते आणि ब्रशने झटकता येते.

म्हणून सारं बाहेर काढून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, पुस्तकं उभी आणि पानं थोडी उघडी ठेवून दोन-तीन दिवस वाळवलं. उन्हाचा मोह इथे आवरायलाच हवा. कडक उन्हात कागद पिवळा पडतो, पुठ्ठे वाकतात, फाउंटन पेनाची शाई उडते. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं चिकटली असतील तर ओढू नयेत. छपाईचा थरच निघून येतो.

कागद पुरता वाळलाय का, हे एका ठिपक्यावरून कळतं. कोरड्या मऊ ब्रशचं टोक त्यावर अलगद फिरवावं. भुकटी उडाली तर काम सुरू करावं, फराटा उठला तर अजून वाळवावं. झटकायचं ते घराबाहेर, पंखा बंद करून, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून. ही भुकटी म्हणजे बुरशीची बीजंच असतात. दमा असलेल्याने हे काम करूच नये. आधी पुस्तक घट्ट मिटून वरची कड शिवणीकडून बाहेर झटकावी, नंतर एकेक पान. रेक्झिनच्या किंवा कापडी पुठ्ठ्यावर, कोपऱ्यात रंग सुटत नाही हे पाहून, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम भिजवलेला कापूस फिरवता येतो. लिहिलेल्या कागदाला तो लावू नये. ब्लीच तर नकोच, त्याने कागद कुजतो.

झटकूनही जे तपकिरी डाग राहतात, ते कागदात मुरलेले असतात. खरेदीखतावर असे डाग होते. घरच्यांना ते घालवायचे होते, पण घरगुती उपायाने डागाआधी शिक्का गेला असता. असा दस्तऐवज तसाच ठेवावा किंवा कागद-संवर्धकाकडे न्यावा.

राहिलेला वास काढायला झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा पुरतो. तळाशी वाटीत खायचा सोडा किंवा सक्रिय कोळसा ठेवायचा, जाळीवर पुस्तकं पानं उलगडून उभी करायची आणि झाकण लावून आठवडा-दोन आठवडे सोडायचं. पुस्तकाला सोडा लागू द्यायचा नाही, पानांत मुळीच भुरभुरायचा नाही. ओलसर पुस्तक या डब्यात घातलं तर बुरशी पुन्हा फोफावते.

दरम्यान रिकामं कपाट साबणाच्या पाण्याने पुसून दारं उघडी टाकून वाळवावं, गंजलेला भाग घासून रंगवावा, कप्प्यांतली वर्तमानपत्रं फेकून द्यावीत. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं आणि पुस्तकांच्या मागेही दोन बोटं जागा सोडावी. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवला की अंदाज बांधावा लागत नाही. काटा ६० च्या वर जाऊ लागला की सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे ते भरले, ते बदलावेत. पावसाची झड लागली असताना कपाट ‘हवेशीर’ करायला दारं उघडी टाकू नयेत, बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. उघडीप मिळाली, ऊन पडलं, की दुपारी तासभर उघडून समोर पंखा लावावा आणि मागच्या रांगेतलं एखादं पुस्तक काढून त्याची कड तपासावी.