न मुरगळलेला अंगठा

पायाचा अंगठा सहजासहजी मुरगळत नाही. मुरगळतो तो घोटा, आणि तोही बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूने. अंगठ्याच्या बुडाशी जो सांधा असतो, त्याला लचक भरायची तर अंगठा जोरात वरच्या बाजूला दुमडला जावा लागतो. कबड्डीत किंवा फुटबॉलच्या मैदानावर असं होतं आणि ज्याचं होतं तो ते विसरत नाही. तरीही रात्री धडधाकट झोपलेला माणूस पहाटे टम्म सुजलेला अंगठा धरून बसला, की घरातून पहिला अंदाज ठरलेला असतो: ‘मुरगळला असेल कुठेतरी.’

असा एक नेहमी दिसणारा रुग्ण डोळ्यांसमोर आणू. वय बावन्न. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि त्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही आहे. मे महिन्यात घरी लग्न, दिवसभर उन्हातली धावपळ, पोटात पाणी थोडं. हळदीच्या रात्री मटण आणि त्यासोबत बिअरच्या दोन-तीन बाटल्या. पहाटे अडीचच्या सुमारास उजव्या अंगठ्याच्या ठणक्याने जाग येते. सकाळपर्यंत सांध्यावरची कातडी लालबुंद आणि चकचकीत झालेली असते, हात लावला तर चटका बसावा इतकी गरम. पांघरुणाचं टोक घासलं तरी ते कळवळतात. पंखा तेवढा चालतो, चादर नको.

हा गाऊट. रोगाचा हा चेहरा इतका ठरलेला आहे, की थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने १६८३ साली त्याच्याविषयी लिहिलं तेव्हाही निरोगी झोपलेला माणूस पहाटे दोनच्या सुमाराला अंगठ्याच्या वेदनेनं जागा होतो, असंच लिहिलं. त्याला हे ठाऊक असायला कारण होतं. तो स्वतःच या दुखण्याचा रोगी होता.

पेशींची मोडतोड आणि काही अन्नपदार्थ यांतून शरीरात युरिक ॲसिड तयार होतं आणि मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर जातं. ते पुरेसं बाहेर पडलं नाही तर रक्तात साठतं. एक डेसिलिटर रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत ते विरघळून राहू शकतं. त्यापुढे त्याचे सुईसारखे स्फटिक बनू लागतात. साखरेचा पाक निवताना कणी धरतो, तसंच इथेही गारव्यात स्फटिक सहज बनतात, आणि अंगठा हा शरीराचा हृदयापासून लांबचा, गार कोपरा आहे. रात्री तो आणखी गार पडतो, शरीरातलं पाणीही कमी झालेलं असतं. स्फटिक सांध्यात कदाचित अनेक महिन्यांपासून गुपचूप बसलेले असतात. एखाद्या रात्री पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात, आणि दाह भडकतो तो त्यामुळे.

मग लचक आणि गाऊट वेगळे कसे ओळखायचे? पहिला प्रश्न अंगठ्याला नाही, घड्याळाला विचारायचा. लचकेला एक क्षण असतो. पाऊल चुकलं, कळ आली आणि मग सूज चढत गेली, असा तिचा क्रम असतो. गाऊटला असा क्षण सापडत नाही. काही नसताना सुरू होऊन वेदना बारा ते चोवीस तासांत शिगेला पोहोचते. दुसरा प्रश्न असा, की पाय नुसता ठेवला तर काय होतं? लचकलेला सांधा हलवला, त्यावर भार दिला की दुखतो, स्वस्थ पडलं की बराच निवतो. गाऊटचा अंगठा स्वस्थ पडल्यावरही ठणकत राहतो आणि नुसता स्पर्श सोसत नाही. रंगही बोलका असतो. लचकेत एक-दोन दिवसांनी निळंजांभळं रक्त साकळलेलं दिसू शकतं. गाऊटमध्ये लाली असते आणि ओसरताना वरच्या कातडीचे पापुद्रे निघतात, खाज सुटते. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तिथे दोन्ही पायांचे अंगठे हाताच्या मागच्या बाजूने चाचपून उष्णतेतला फरक पाहावा.

एक फसवी वाट मात्र आहे. ज्याच्या सांध्यात स्फटिक आधीच आहेत, त्याला साधी ठेचही झटका आणू शकते. म्हणून ‘काल ठेच लागली होती’ एवढ्यावरून गाऊट नाही असं म्हणता येत नाही. ठेच चिमूटभर आणि सूज पसाभर, असं असेल तर शंका घ्यावीच.

आपल्या रुग्णाचं पुढे काय होतं? घरात आंबेहळदीचा लेप लागतो, गरम विटेचा शेक होतो, मग चोळून देणारा माणूस बोलावला जातो. चोळताना ते किंचाळतात. तिसऱ्या दिवशी एक्स-रे निघतो, त्यात सुजेशिवाय काही दिसत नाही. पहिल्या झटक्यात ते अपेक्षितच असतं, कारण हाडाची झीज दिसायला वर्षं जावी लागतात. युरिक ॲसिड येतं ६.३, म्हणजे ‘नॉर्मल’. इथेच बरेच जण गाऊटला वगळतात. पण झटका चालू असताना हा आकडा खाली उतरू शकतो. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासला तर तोच ८.९ निघतो. उलट बाजूही तितकीच खरी: आरोग्य तपासणीत आठ आला म्हणून कुणाला गाऊट झाला असं होत नाही. आकडा वाढलेले पुष्कळ लोक आयुष्यभर झटक्यावाचून राहतात. खात्रीचा पुरावा सुईने काढलेल्या सांध्यातल्या द्रवात असतो, विशेष सूक्ष्मदर्शकाखाली तिथे ते स्फटिक दिसतात. ही ओळख १९६१ पासूनची आहे.

दहाव्या दिवशी अंगठा बरा होतो, आणि श्रेय चोळणाऱ्याला मिळतं. या दुखण्यातली खरी गोम हीच. उपचार केला नाही तरी पहिला झटका साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. म्हणून त्या आठवड्यात जे जे केलं, ते ते रामबाण ठरतं. काही महिन्यांनी दुसरा झटका येतो तेव्हा पुन्हा तोच माणूस बोलावला जातो.

निदान होईपर्यंत दोन्ही शक्यतांत चालेल असं एवढंच करावं: पाय उंच ठेवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवावा, चोळू नये, शेकू नये. सोबत थंडी वाजून ताप आला असेल, पायावर जखम असेल किंवा मधुमेह असेल, तर मात्र सांध्यात पू होण्याची शंका असते. मग सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं, कारण सांध्यातला जंतुसंसर्ग हाड खातो आणि बाहेरून गाऊटसारखाच दिसतो.

गाऊट ठरला तर डॉक्टर दाह उतरवणारी गोळी, कोल्चिसिन किंवा थोडे दिवस स्टेरॉइड देतात. निवड मूत्रपिंडं आणि पोट पाहूनच करायची असते. त्यामुळे दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी चुकीच्या माणसाला महागात पडू शकते. रक्तदाबाची गोळीही आपल्या मनाने बंद करायची नाही, पण ती बदलता येईल का हे विचारायचं. पथ्यात बिअर, दारू, कलेजी-भेजा, कोळंबी आणि गोड शीतपेयं यांवर नजर ठेवावी. डाळींना मात्र उगाच बदनाम केलं जातं. अमेरिकेत ४७ हजार पुरुषांवर बारा वर्षं चाललेल्या आणि २००४ साली छापलेल्या अभ्यासात मांस आणि मासे यांनी धोका वाढला, प्युरिनयुक्त भाज्यांनी वाढला नाही.

झटके वारंवार येऊ लागले, तर युरिक ॲसिड सहाच्या खाली ठेवणारी गोळी, बहुधा ॲलोप्युरिनॉल, कमी मात्रेपासून सुरू करतात. ही गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत उलट झटके येऊ शकतात, कारण जुने स्फटिक विरघळताना सांधा चाळवतो. अंगावर पुरळ उठलं तर ती लगेच थांबवून डॉक्टरांना गाठायचं. मात्र नुसता अंगठा पुन्हा दुखला म्हणून ती सोडायची नसते. त्या काळात झटके आवरायला कोल्चिसिनची छोटी मात्रा बरोबर देतात.