डेकॅथलॉन : दहा प्रकार, एक बेरीज

डेकॅथलॉनमध्ये दोन दिवसांत दहा प्रकार होतात. प्रत्येक वेळेचे किंवा अंतराचे गुण ठरलेल्या तक्त्यातून मिळतात आणि सर्वाधिक बेरीज करणारा जिंकतो. त्यामुळे एखाद्या प्रकारात पहिला येण्याचे वेगळे गुण नसतात.

सध्याचे तक्ते 1985 पासून लागू आहेत. 100 मीटरचे सूत्र असे आहे:

गुण = 25.4347 × (18 − सेकंद)^1.81

11.00 सेकंदांना 861 गुण मिळतात, तर 10.90 सेकंदांना 883. म्हणजे दशांश सेकंदाची सुधारणा 22 गुणांची ठरते. 1500 मीटर 4 मिनिटे 30 सेकंदांत धावणाऱ्याला तेवढेच गुण वाढवण्यासाठी साडेतीन सेकंदांच्या आसपास वेळ कमी करावी लागते.

सरावाचा अग्रक्रम या हिशेबावरून ठरतो. वेग वाढला की 100 व 400 मीटर, अडथळा शर्यत आणि लांब उडी या चारही प्रकारांत गुण वाढतात. उलट 1500 मीटरसाठी खूप धावल्यास फेकीला लागणारी ताकद आणि वजन घटू शकते. म्हणून अनेक खेळाडू या शेवटच्या शर्यतीला मर्यादित वेळ देतात.

मात्र एकही प्रकार वाऱ्यावर सोडता येत नाही. ऑगस्ट 2018 मध्ये बर्लिनच्या युरोपीय स्पर्धेत फ्रान्सच्या केव्हिन मेयरच्या लांब उडीचे तिन्ही प्रयत्न फाउल ठरले. शून्य गुण मिळाल्याने त्याने स्पर्धा सोडली. पुढच्याच महिन्यात तालांसमध्ये त्याने 9126 गुणांचा विश्वविक्रम केला.