इंग्रजीचा ‘र’ आणि शब्दाचा शेवट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्रजी ‘रेड’मधला ‘र’ आणि मराठी ‘राम’मधला ‘र’ देवनागरीत एकाच अक्षराने लिहिले जातात, पण तोंडात ते दोन वेगळ्या रीतींनी घडतात. मराठी ‘र’ उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्याला झटकन एकदा टेकून खाली येते. जोर दिला तर ते दोन-तीनदा थरथरते. इंग्रजीच्या बहुतेक बोलींत जीभ त्या भागाजवळ जाते, पण टेकत नाही. हवेची वाट अरुंद होते, पण बंद कुठेच होत नाही.

म्हणूनच ‘मराठी र जरा मऊ केला की इंग्रजी र होतो’ ही समजूत टिकत नाही. हळू टेकलेली जीभही टेकलेलीच असते. अर्थात टेकणारा ‘र’ म्हणजे अशुद्ध इंग्रजी असेही नाही. स्कॉटलंडमध्ये काही जणांच्या बोलण्यात तो आजही ऐकू येतो. अडचण ऐकणाऱ्याच्या बाजूने येते, आणि तिचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतले आहे. दोन स्वरांमधला ‘ट’ किंवा ‘ड’ अमेरिकन माणूस जीभ झटकन टेकवून उच्चारतो, म्हणजे जवळजवळ मराठी ‘र’सारखाच. त्याच्या तोंडचे ‘सिटी’ मराठी कानाला ‘सिरी’सारखे वाटते ते यामुळे. मग मराठी वळणाने म्हटलेले ‘बेरी’ त्याला ‘बेटी’ असे ऐकू येऊ शकते. ‘सॉरी’, ‘वेरी’, ‘मॅरी’ अशा स्वरांच्या मधल्या ‘र’कडे सर्वाधिक लक्ष द्यायचे ते यासाठीच.

दुसरा गैरसमज शिकवण्यातूनच पसरलेला आहे : इंग्रजी ‘र’साठी जीभ जितकी मागे वळवाल तितके चांगले. पिएर देलात्र आणि डॉनल्ड फ्रीमन यांनी 1968 साली अमेरिकन ‘र’चा क्ष-किरण चलच्चित्रांवरून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सारखाच ऐकू येणारा ध्वनी वेगवेगळी माणसे जिभेच्या बऱ्याच वेगळ्या ठेवणींतून काढतात, हे त्यात दिसले. काहींचे टोक वर वळते. काहींचे टोक खालीच राहते आणि जिभेचा मधला भाग गोळा होऊन टाळूकडे उचलला जातो. कानाला दोन्हींत फरक कळत नाही. मराठी भाषकासाठी ही दुसरी ठेवण अधिक सुरक्षित आहे. ‘ट’, ‘ड’, ‘ण’साठी जीभ वळवण्याची सवय त्याला लहानपणापासून असते, वळलेली जीभ पुढे येताना टाळूला आपटते आणि ‘घोडा’मधल्या ‘ड’सारखा ध्वनी निघतो.

सराव ‘ई’पासून सुरू करणे सोपे जाते. ‘ई’ लांबवून धरला की जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांना टेकलेल्या जाणवतात. आवाज न थांबवता आणि कडा तिथेच ठेवून जीभ सावकाश मागे खेचायची. टोक अधांतरी ठेवायचे आणि ओठ किंचित गोल करायचे. ‘ई’चा उजळपणा जाऊन आवाज गडद झाला, की तो इंग्रजी ‘र’ आहे. तो तीन सेकंद एकसारखा लांबवता आला पाहिजे. मध्ये ठोका किंवा थरथर ऐकू आली तर टोक टेकले. आवाज ‘व’कडे झुकला तर काम फक्त ओठ करत आहेत आणि जीभ मागे गेलेलीच नाही. मराठी ‘र’ ठोके न पडता असा लांबवता येत नाही, त्यामुळे ही कसोटी घरच्या घरी पुरेशी विश्वासार्ह ठरते.

हा लांब ध्वनी स्थिर झाल्यावरच शब्द घ्यायचे. ‘रीड’ म्हणताना आधी दोन सेकंद नुसता ‘र्’, मग न थांबता ‘ईड’. पुढच्या फेरीत एक सेकंद, त्यानंतर नेहमीची गती. पुढे ‘सॉरी’ तीन भागांत : ‘सॉ’, लांब ‘र्’, मग ‘ई’. वेग वाढवताना इथेच जीभ जुन्या सवयीने टेकते. तसे झाले की एक पायरी मागे यायचे. ‘ब्रेड’, ‘प्राइस’ यांसारख्या जोडाक्षरांत ओठ मिटलेले असतानाच जीभ ‘र’च्या जागी नेऊन ठेवायची, म्हणजे ओठ उघडताच ‘र’ तयार असतो. ‘ट्राय’चा आरंभ या रीतीने थोडा ‘च’कडे झुकलेला वाटेल. तो दोष नाही, इंग्रजी भाषकांच्या बोलण्यातही तो तसाच असतो.

शब्दाच्या शेवटच्या ‘र’बद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, अस्सल इंग्रजीत तो नसतोच; दुसरे म्हणते, लिहिला आहे तर म्हटलाच पाहिजे. खरे उत्तर बोलीवर अवलंबून आहे. जॉन वॉकरने 1791 सालच्या आपल्या उच्चारकोशात लंडनमधला ‘लार्ड’सारख्या शब्दांतला ‘र’ इतका क्षीण झाल्याचे नोंदवले, की स्वराची लांबीच तेवढी उरावी. आजच्या दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात ‘कार’ म्हणजे लांब ‘काऽ’. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला तर मात्र ‘र’ परत येतो : ‘फाऽ’, पण ‘फार अवे’. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी, तसेच स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये तो सर्वत्र म्हटला जातो. म्हणून मराठी माणसाने ‘र’ म्हणणे चूक नाही. जीभ न टेकवता तो म्हणता आला की पुरे.

शेवटच्या व्यंजनांत मराठी भाषकाची अडचण इतर अनेक शिकणाऱ्यांहून वेगळी आहे. जर्मन भाषेत शब्दाच्या अखेरीस ‘ड’चा ‘ट’ आणि ‘ग’चा ‘क’ होतो, त्यामुळे जर्मन माणसाला ‘बॅक’ आणि ‘बॅग’ वेगळे काढायला शिकावे लागते. मराठीत अंत्य ‘अ’ बहुधा उच्चारला जात नाही, म्हणून ‘नाक’ आणि ‘नाग’, ‘वात’ आणि ‘वाद’ हे भेद लहान मूलही सहज करते. ही जमेची बाजू आहे. पण तिच्यातूनच एक चुकीचा निष्कर्ष निघतो : इंग्रजीतही शेवटचा ‘ड’ किंवा ‘ग’ ठासून म्हटला की भेद कळतो. ठासताना मागे छोटा ‘अ’ चिकटतो, ‘बॅग’चे ‘बॅगऽ’ होते आणि ऐकणाऱ्याला एक जादा अक्षर ऐकू येते.

इंग्रजी भाषक शेवटचा ‘ड’ किंवा ‘ग’ पुष्कळदा अर्धवटच घोष करतो. त्याचा कान भेद ओळखतो तो मुख्यतः आधीच्या स्वराच्या लांबीवरून. ‘ट’, ‘क’, ‘प’, ‘स’ या अघोष ध्वनींआधीचा स्वर आखूड होतो, आणि ‘ड’, ‘ग’, ‘ब’, ‘झ’ यांच्याआधीचा लांब राहतो. सावकाश म्हटलेल्या सुट्या शब्दांत आखूड स्वर लांब स्वराच्या साधारण दोन-तृतीयांश भरतो.

इथेच आणखी एक गैरसमज सुटतो : इंग्रज लोक ‘सीट’मधला ‘ट’ गाळतात, म्हणून तो गाळणे म्हणजे सफाईदार बोलणे. तो गाळलेला नसतो. जीभ जागी जाते आणि हवा अडते. फक्त ती फटकन सोडली जात नाही. काही बोलींत ही अडवणूक घशात होते. फरक तपासायला ‘सी’ आणि ‘सीट’ एकामागून एक म्हणावेत. ‘सी’ हळूहळू विरतो, तर ‘सीट’ एकदम तुटतो. शब्द तुटण्याऐवजी विरत असेल, तर व्यंजन खरोखरच गळले आहे.

‘कार्ट’ आणि ‘कार्ड’ या जोडीत ‘र’ आणि शब्दाचा शेवट हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. मराठी वळणात दोन्हींमध्ये ‘र’चा ठोका पडतो आणि शेवटी जीभ वळून ‘ट’ किंवा ‘ड’ येतो. स्वर जवळपास सारखाच राहतो. बदल क्रमाने करायचा. आधी ‘काऽ’ लांब म्हणून जीभ न टेकवता ‘र’कडे न्यायची. ब्रिटिश उच्चार हवा असेल तर ही पायरी सोडून लांब ‘काऽ’ तसाच ठेवायचा. मग शेवटासाठी जीभ मागे न वळवता टोक दातांमागच्या हिरडीवर न्यायचे. त्यानंतर लांबी : ‘कार्ड’ला टेबलावर बोटाने तीन ठोके पडेपर्यंत स्वर धरायचा आणि जिभेने हवा हलकेच अडवायची, ‘कार्ट’ला दोनच ठोके आणि मग एकदम तोड. तोंडातून हवा सोडायची नाही, म्हणजे ‘अ’ चिकटण्याचा प्रश्नच येत नाही. ठोके हळूहळू जलद करायचे, पण तीनास दोन हे प्रमाण मोडू द्यायचे नाही. हीच रीत ‘राइड–राइट’, ‘सीड–सीट’, ‘बॅग–बॅक’ या जोड्यांना चालते.

मराठी भाषकाकडून ध्वनी खरोखर गळतो तो शेवटच्या जोडाक्षरात, आणि त्यातही भूतकाळाच्या प्रत्ययात. ‘आय वर्क्ट इन पुणे’चे ‘आय वर्क इन पुणे’ झाले, की काळच बदलतो. हा प्रत्यय लिहिताना एकच असला तरी त्याचे उच्चार तीन आहेत : ‘क’, ‘प’, ‘स’ अशा अघोष ध्वनींनंतर ‘ट’, घोष व्यंजन किंवा स्वरानंतर ‘ड’, आणि धातूच्या अखेरीस आधीच ‘ट’ किंवा ‘ड’ असेल तर ‘इड’, जसे ‘वॉन्टिड’. सगळीकडे ‘एड’ म्हणणे जितके चूक, तितकेच ‘वर्क’पुढे ‘ड’ म्हणण्याची धडपड निष्फळ आहे. त्या धडपडीतूनच प्रत्यय सुटून जातो.

सराव मागून पुढे करावा. आधी ‘टिन’, मग ‘क्टिन’, मग ‘वर्क्टिन’, आणि शेवटी पूर्ण वाक्य. प्रत्ययातला ‘ट’ पुढच्या शब्दाच्या स्वराला चिकटला की तो उच्चारायला सोपा जातो आणि ऐकूही येतो. व्यंजनापुढचे प्रयोग नंतर घ्यावेत. ‘नेक्स्ट डे’ किंवा ‘लास्ट वीक’ म्हणताना इंग्रजी भाषकही मधला ‘ट’ बहुधा सोडतो, त्यामुळे तिथे तो आग्रहाने म्हणायची गरज नाही.

प्रगती स्वतःच्या कानाने मोजणे फसवे असते, कारण आपण कोणता शब्द म्हणणार हे बोलणाऱ्याला आधीच ठाऊक असते. ‘कार्ट’ आणि ‘कार्ड’ हे शब्द उलटसुलट क्रमाने वीस वेळा लिहून ठेवावेत, ते ध्वनिमुद्रित करावेत आणि दुसऱ्याला ऐकून लिहायला सांगावेत. सगळेच ‘कार्ट’ लिहिले गेले तर ‘कार्ड’चा स्वर आखूड पडतो आहे. सगळेच ‘कार्ड’ आले तर ‘कार्ट’ची तोड उशिरा होते. चुका दोन्हीकडे विखुरल्या असतील, तर लांबीचा भेद अजून बसलेलाच नाही, आणि सराव पुन्हा टेबलावरच्या संथ ठोक्यांपासून सुरू करावा लागतो.