गरम पाण्यात मध घातला की त्याचं विष होतं का?

सकाळी पर्वती किंवा तळजाईवरून उतरणाऱ्या मंडळींत मधपाणी पिणारे बरेच असतात, आणि त्यांना अडवणारेही तितकेच. “उकळत्या पाण्यात मध? अहो, विष होतं त्याचं!” हे वाक्य पुण्यात आजीपासून वैद्यांपर्यंत सगळ्यांकडून ऐकायला मिळतं. हल्ली त्याला एक पुरवणीही जोडली जाते: गरम केलेला मध गोंदासारखा होऊन आतड्याला चिकटतो आणि कधीच पचत नाही.

पुरवणी लगेच निकालात काढता येते. मधाचा सुमारे ऐंशी टक्के भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साखरांचा असतो. त्या पाण्यात पूर्ण विरघळतात आणि गरम पाण्यात तर आणखी झटपट. ग्लासात विरघळून गेलेली साखर पोटात गेल्यावर गोंद बनत नाही.

मूळ इशारा मात्र जुना आहे, आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांमध्ये उष्ण मध वर्ज्य सांगितला आहे. त्यामागचं कारण असं, की मधमाश्या नाना फुलांवर बसतात, त्यांत विषारी फुलंही असतात, त्यामुळे मधात विषाचा अंश असू शकतो आणि उष्णतेशी त्याचा विरोध असतो. सुश्रुताने एक अपवादही ठेवला आहे. वमनासाठी गरम द्रव्याबरोबर मध दिला तर चालतो, कारण तो पचण्याआधीच बाहेर पडतो. म्हणजे हा नियम त्या काळच्या तर्कात व्यवस्थित बसवलेला आहे. फक्त किती अंशांना, किती वेळ आणि किती मध हे त्यात नाही, आणि रसायनशास्त्राचा सगळा खेळ याच तीन गोष्टींचा आहे.

मध आम्लधर्मी असतो. आम्लात फ्रुक्टोज तापलं की त्यातून पाणी निघून जातं आणि हायड्रॉक्सिमिथाइलफरफुराल नावाचं संयुग तयार होतं. प्रयोगशाळेत त्याला एचएमएफ म्हणतात. ‘विष’ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं ते हेच. पण ते तयार व्हायला वेळ लागतो. मधावर झालेल्या जुन्या मोजमापांनुसार किलोमागे 30 मिलिग्रॅम एचएमएफ जमायला 30 अंश सेल्सियसला पाच ते दहा महिने लागतात, 50 अंशांना साधारण पाच ते नऊ दिवस आणि 70 अंशांना पाच ते चौदा तास. पुढे दर दहा अंशांना हा वेग तिपटीहून जास्त वाढतो.

आता आपला ग्लास घ्या. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. स्टीलच्या ग्लासात ओतलं की ते 90च्या आत येतं, आणि घोट घेता येण्याजोगं होईपर्यंत 60च्या जवळ. यात गेली दहा-पंधरा मिनिटं. आपण हिशेब मुद्दाम कडक करू: चमचाभर, म्हणजे दहा ग्रॅम मध, पूर्ण दहा मिनिटं 90 अंशांवरच राहिला असं धरू. तरी एचएमएफची भर पडेल ती जास्तीत जास्त दशांश मिलिग्रॅमच्या आसपास. इन्स्टंट कॉफीच्या एका कपात याच्या दसपट, कधी त्याहूनही बरंच जास्त एचएमएफ असतं, कारण कॉफीच्या बिया भाजताना ते तयार होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज 80 ते 100 मिलिग्रॅम देऊनही अपाय दिसला नव्हता. साठ किलोच्या माणसाला तेवढी मात्रा गाठायची तर मधपाण्याचे हजारो ग्लास रोज रिचवावे लागतील.

या वादात म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेतला, 2010मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हमखास पुढे केला जातो. “बघा, विज्ञानानेही मान्य केलं!” तो अभ्यास काय होता? मध 60 आणि 140 अंशांना तापवला, तूप मिसळलं, उंदरांना खाऊ घातलं. एचएमएफ वाढलं, हे खरं. पण उंदरांचं खाणं, वजनवाढ आणि अवयवांचं वजन यांत लक्षणीय फरक आढळला नाही. कालांतराने ते विषासारखं काम करू शकेल, ही शक्यता संशोधकांनी निष्कर्षात मांडली आहे. उंदरांत ती दिसली नव्हती. शिवाय 140 अंश हे तापमान पाण्याच्या ग्लासात येऊच शकत नाही. ते कढईतल्या घट्ट पाकाचं तापमान झालं.

एचएमएफ खरोखर कुणाला मारत असेल तर मधमाश्यांना. म्हणूनच पेट्यांतल्या माश्यांना तापवून तापवून करपलेला साखरेचा पाक पाजू नये, हे मधपाळांना पक्कं ठाऊक असतं.

मग गरम पाण्यात मधाचं काहीच बिघडत नाही का? बिघडतं. वास उडतो. महाबळेश्वरच्या जांभूळमधाला जी किंचित कडवट चव असते, ती उकळत्या पाण्यात हरवते आणि उरतं गोड पाणी. काही विकरंही मोडतात. इन्व्हर्टेज 80 अंशांना नऊएक मिनिटांत निम्मं होतं, डायस्टेज तासाभराहून जास्त तग धरतं. पण ही विकरं प्रथिनंच असल्याने जठरातल्या आम्लात त्यांचा निभाव तसाही कठीण. चवीसाठी मध कोमट पाण्यात घालावा, हे माझंही मत. भीतीपोटी मात्र नाही.

मधात गरम चूर्ण कालवू नये, या भीतीचंही तसंच. तव्यावर भाजलेल्या चमचाभर सुंठेत उष्णता असते ती कितीशी? मधात कालवताच ती निवते. सुंठ, मिरी, पिंपळी ‘उष्ण’ म्हणतात ते गुणाने, तापमानाने नव्हे, आणि सितोपलादी चूर्ण तर वैद्य स्वतःच मधातून चाटायला देतात. च्यवनप्राशासारख्या अवलेहात मध सगळं शिजून थंड झाल्यावर घालायचा, ही जुनी पद्धत मात्र रसायनाच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे. घट्ट पाक तासन्‌तास आटवताना एचएमएफ खरंच भराभर वाढतं.

‘कच्चा मध’ म्हणून जपून ठेवलेली बाटलीही बहुधा तापवून आलेली असते. मधातलं यीस्ट मरावं आणि मध नीट गाळला जावा म्हणून कारखान्यात तो साधारण 60 ते 65 अंशांपर्यंत गरम करून लगेच थंड करतात. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा मानकांत मधातल्या एचएमएफची मर्यादा किलोमागे 80 मिलिग्रॅम आहे. ती विषाची रेषा नव्हे. मध जुना आहे का, फार तापवलाय का, हे ओळखायची ती खूण आहे. वरचे आकडे पुन्हा पाहिलेत तर लक्षात येईल, की शेगडीच्या वरच्या फळीवर वर्षभर, पुण्याचे एप्रिल-मे काढलेल्या बाटलीत ग्लासातल्या दहा मिनिटांपेक्षा कितीतरी जास्त एचएमएफ जमतं. बाटली तिथून हलवा.

आणि एवढ्या सगळ्या चर्चेत मधाचा जो खरा धोका आहे तो राहूनच जातो. बाळगुटी असो की पुष्य नक्षत्रावरचं सुवर्णप्राशन, आपल्याकडे तान्ह्या बाळाला मधाचं बोट चाटवलं जातं. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात. हे बीजाणू पाणी उकळण्याच्या तापमानालाही टिकतात, त्यामुळे मध उकळून दिला तरी उपयोग नाही. बाळाला मध दिला गेला असेल आणि बद्धकोष्ठ झालं, दूध ओढण्याचा जोर कमी झाला, रडणं क्षीण झालं, पापण्या जड वाटल्या किंवा अंग सैल पडलं, तर तडक डॉक्टरांकडे न्या आणि मध दिल्याचं आवर्जून सांगा. पहिला वाढदिवस होईपर्यंत बाळाला मध देऊ नका, गारही नको आणि गरमही नको.