स्प्लिट की बोनस? भाव सारखाच, कर वेगळा

१६ जून २०२५, सोमवार. बाजार उघडला आणि बजाज फायनान्सचा शेअर अनेकांच्या मोबाइलवर नव्वद टक्के पडलेला दिसला. शुक्रवारी नऊ हजार तीनशेच्या आसपास बंद झालेला भाव सोमवारी नऊशे तीसच्या घरात होता. कंपनीत काहीही बिघडले नव्हते. पुण्याच्या आकुर्डीतल्या या कंपनीने एकाच दिवशी शेअरचे विभाजन, म्हणजे स्प्लिट, आणि बोनस असे दोन्ही केले होते. भाव एक दशांश झाला, पण तो झाला कारण शेअर दसपट झाले होते.

या दोन्हींनी भागधारकाच्या हाती जास्त शेअर येतात, म्हणून बहुतेक जण त्यांना एकच समजतात. भावापुरते ते खरेही आहे. कंपनीच्या ताळेबंदात आणि तुमच्या कराच्या हिशोबात मात्र दोन्हींचा मार्ग अगदी वेगळा आहे, आणि तो माहीत नसला तर खिशाला चाट बसू शकते.

आधी स्प्लिट. प्रत्येक शेअरला एक दर्शनी मूल्य असते. बजाज फायनान्सचे ते २ रुपये होते. कंपनीने २ रुपयांच्या एका शेअरचे १ रुपयाचे दोन शेअर केले. कंपनीचे भागभांडवल होते तेवढेच राहिले, फक्त त्याचे तुकडे दुप्पट झाले. कंपनीच्या तिजोरीतून काही गेले नाही, राखीव निधीलाही हात लागला नाही.

बोनसमध्ये दर्शनी मूल्य बदलत नाही, नवे शेअर जन्माला येतात. प्रत्येक नव्या शेअरचे दर्शनी मूल्य भरावे लागते. ते भागधारक भरत नाही, कंपनी आपल्या राखीव निधीतून भरते. स्प्लिटनंतर बजाज फायनान्सने प्रत्येक शेअरमागे चार बोनस शेअर दिले. त्यासाठी सुमारे ४९७ कोटी रुपये राखीव निधीच्या खात्यातून भागभांडवलाच्या खात्यात गेले. ही रक्कम कंपनीतून बाहेर पडली नाही, एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकली. म्हणूनच बोनस देण्यासाठी गाठीशी पुरेसा राखीव निधी लागतो. मालमत्तेचे पुनर्मूल्यांकन करून कागदावर फुगवलेला निधी त्यासाठी वापरायला कंपनी कायद्यात मनाई आहे.

प्रमाण वाचताना इथे एक घोटाळा होतो. १:२ स्प्लिट म्हणजे एकाचे दोन झाले. १:२ बोनस म्हणजे दोन शेअरमागे एक नवा मिळाला, म्हणजे दोनाचे तीन. १:१ बोनसमध्ये मात्र शेअर दुप्पट होतात. त्यामुळे नुसते आकडे न पाहता "माझ्या दहा शेअरचे किती होणार?" हा प्रश्न विचारावा.

आता एक उदाहरण घेऊ. एका गुंतवणूकदाराने दोन वर्षांपूर्वी ६,००० रुपये भावाने दहा शेअर घेतले होते. गुंतवणूक ६०,००० रुपये. रेकॉर्ड डेटच्या आदल्या व्यवहारदिवशी भाव ९,३०० धरला तर त्यांची किंमत ९३,००० रुपये. स्प्लिटमुळे दहाचे वीस झाले. त्या विसांवर एकास चार या हिशोबाने ऐंशी बोनस शेअर आले. एकूण शंभर शेअर, भाव ९३० रुपये, किंमत पुन्हा ९३,००० रुपये. त्या दिवसाची बाजाराची चढउतार बाजूला ठेवली तर गुंतवणूकदार एका रुपयानेही श्रीमंत झाला नाही, की गरीबही झाला नाही. कंपनीतला त्याचा हिस्साही पूर्वीइतकाच राहिला, कारण प्रत्येकाचेच शेअर दसपट झाले.

मधले एकदोन दिवस मात्र जिवाला घोर लावणारे असतात. भाव रेकॉर्ड डेटच्या सकाळीच खाली येतो, पण नवे शेअर डीमॅट खात्यात लगेच दिसत नाहीत. ऑक्टोबर २०२४ पासून सेबीच्या नियमानुसार बोनस शेअर रेकॉर्ड डेटनंतरच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी व्यवहारासाठी खुले होतात. तोवर अ‍ॅपवर मोठा तोटा दिसू शकतो. अशा वेळी घाबरून विकण्याआधी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीची घोषणा पाहावी. पडझड खरी आहे की शेअर वाढल्यामुळे भाव बदलला आहे, हे तिथे लगेच कळते.

खरा फरक विकताना समोर येतो. स्प्लिटमध्ये मूळ खरेदीची किंमत सगळ्या तुकड्यांवर वाटली जाते आणि खरेदीची तारीखही मूळचीच राहते. बोनस शेअरची खरेदी किंमत करासाठी शून्य धरतात, आणि त्यांची मुदत ते मिळाल्याच्या दिवसापासून मोजतात.

वरचा गुंतवणूकदार सहा महिन्यांत सगळे शंभर शेअर ९३० रुपयांना विकतो असे धरू. त्याचा प्रत्यक्ष नफा ३३,००० रुपये आहे. पण कराच्या वहीत त्याचे दोन भाग पडतात. स्प्लिटमधले वीस शेअर त्याला प्रत्येकी ३,००० रुपयांना पडले होते. ते १८,६०० रुपयांना गेले, म्हणजे ४१,४०० रुपयांचा दीर्घकालीन तोटा. ऐंशी बोनस शेअर ७४,४०० रुपयांना गेले. खरेदी किंमत शून्य आणि मुदत वर्षाच्या आत, म्हणून ही सगळी रक्कम अल्पकालीन नफा ठरते. दीर्घकालीन तोटा अल्पकालीन नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणून ७४,४०० रुपयांवर २० टक्के दराने १४,८८० रुपये कर लागतो, उपकर वेगळा. ३३,००० रुपये मिळवले आणि त्यातले जवळजवळ निम्मे करात गेले.

कंपनीने बोनस न देता फक्त एकाचे दहा असे स्प्लिट केले असते तर? प्रत्येक शेअर ६०० रुपयांना पडला असता, तारीख दोन वर्षांपूर्वीची असती, आणि ३३,००० रुपयांचा सगळा नफा दीर्घकालीन ठरला असता. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही. त्याचा दुसरा नफा नसता तर कर शून्य.

यावर उपाय साधा आहे. बोनस शेअर मिळाल्यापासून एक वर्ष उलटू द्यावे. मग तेही दीर्घकालीन होतात, आणि त्याच आर्थिक वर्षात जुने शेअर विकले तर त्यांचा तोटा या नफ्यातून वजा होतो. आधी पैशांची गरज पडली तर डीमॅटमध्ये जे शेअर आधी आले ते आधी विकले गेले असे धरतात, म्हणजे पहिल्यांदा जुने शेअर जातात. तेवढेच विकले तर झालेला दीर्घकालीन तोटा विवरणपत्र वेळेत भरून आठ वर्षांपर्यंत पुढे नेता येतो.

हा तोटा दाखवण्यासाठी मुद्दाम बोनसच्या तोंडावर शेअर घेण्याची वाटही कायद्याने बंद केली आहे. रेकॉर्ड डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत घेतलेले शेअर नंतरच्या नऊ महिन्यांत तोट्यात विकले आणि बोनस शेअर हातात ठेवले, तर तो तोटा मान्य होत नाही. तो बोनस शेअरची खरेदी किंमत म्हणून धरला जातो.

मग कंपन्या हे करतात कशासाठी? आपल्याकडे शेअर बाजारात अर्धा किंवा पाव शेअर घेता येत नाही. नऊ हजारांचा शेअर नऊशेला आला की दरमहा थोडे पैसे बाजूला टाकणाराही तो घेऊ शकतो, आणि खरेदी-विक्री वाढायला मदत होते. कंपनीचा नफा त्याने वाढत नाही. उलट तोच नफा जास्त शेअरांत वाटला गेल्याने प्रत्येक शेअरमागची कमाई त्याच प्रमाणात कमी दिसते. म्हणून स्प्लिट किंवा बोनसची बातमी हे शेअर घेण्याचे कारण होऊ शकत नाही. आधीपासून शेअर असतील तर घोषणेत दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात: किती शेअर स्प्लिटचे आणि किती बोनसचे, आणि बोनस शेअर खात्यात आल्याची तारीख. विकण्याचा दिवस ठरवताना हीच नोंद उपयोगी पडते.