पैसे मागणारं भाषण

दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत गृहनिर्माण सोसायट्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. अनेक जुन्या इमारतींच्या विषयपत्रिकेवर एक विषय वर्षानुवर्षं पुढे सरकत राहतो, तो म्हणजे इमारतीची मोठी दुरुस्ती. काम गरजेचं आहे हे सगळ्यांनाच पटलेलं असतं. पण प्रत्येक घरामागे लाख-दीड लाख काढायची वेळ आली की सभेत पार्किंग, कुत्री आणि वॉचमन यांवरच चर्चा रंगते. अशा सभेत अध्यक्षांनी उभं राहून पैसे मागायचे असतात. हे भाषण नेमकं कसं असावं, ते एका नमुन्याच्या सोसायटीवरून पाहू.

समजा, मुंबईच्या उपनगरातली चार मजली इमारत आहे, १९८८ ची. घरं ३२, त्यांतली १६ घरं ४०० चौरस फुटांची आणि १६ घरं ६०० ची. खाली पार्किंग. पार्किंगमधल्या दोन खांबांना उभ्या भेगा आहेत. दर दोन-तीन वर्षांनी त्यात सिमेंट भरून वरून रंग मारला जातो.

बहुतेक अध्यक्ष इथे भाषणाची सुरुवात भीती घालून करतात. ‘उद्या काही झालं तर जबाबदार कोण?’ हे वाक्य सभासदांनी दहा वर्षं ऐकलेलं असतं आणि दहा वर्षांत काही झालेलं नसतं. त्यापेक्षा भेग का पडली, ते सांगावं. काँक्रीटच्या आत सळई असते. ओल आणि हवा आतपर्यंत पोचली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो, आणि ती जागा मिळवण्यासाठी वरचं काँक्रीट फोडतो. म्हणून भेग सळईच्या रेषेत, उभी पडते. वरून सिमेंट भरलं तरी आत गंज चालूच राहतो. आपली अध्यक्षबाई हुशार आहे. सभेच्या आधीच्या रविवारी तिने इंजिनिअरला बोलावलं आणि येतील त्या सभासदांना पार्किंगमध्ये नेलं. इंजिनिअरने हातोडीने खांबावर टकटक केली. चांगल्या भागावर खणखणीत आवाज आला, भेगेजवळ भद्द आवाज आला. मग त्याने एका सभासदाच्याच हातात हातोडी दिली. सभेत त्याच सभासदाने उठून सांगितलं, ‘आत पोकळ आहे हो, मी स्वतः वाजवून बघितलंय.’

यानंतर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल. आदर्श उपविधींप्रमाणे इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरची असेल तर दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. अहवालातलं एकच अक्षर सभेला समजावून सांगितलं तरी पुरतं. सी-१ म्हणजे इमारत राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे पूर्ण किंवा काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना होणारी संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ काम. आपली इमारत सी-२बी आहे. ती सी-१ असती, तर दुरुस्ती निधी मागणारं हे भाषणच चुकीचं ठरलं असतं.

मग हमखास प्रश्न येतो : ‘आम्ही इतकी वर्षं सिंकिंग फंड भरतोय, तो गेला कुठे?’ हा प्रश्न चिडून विचारला जातो, पण त्याचं उत्तर साधं आहे. सिंकिंग फंड घराच्या मूळ बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दराने दर वर्षी घेतात. १९८८ मध्ये बांधकाम खर्च घरामागे एक लाख धरला असेल, तर एका घराकडून वर्षाला २५० रुपये जमा होतात. जमा जुन्या भावाने आणि खर्च आजच्या भावाने, त्यामुळे कुणी एक पैसा खाल्ला नाही तरी फंड अपुराच पडतो. व्याजासह तो आणि दुरुस्ती निधीतली शिल्लक मिळून आपल्याकडे १६ लाख आहेत. सिंकिंग फंडाला हात लावायचा तर सभेचा ठराव, तज्ज्ञाचा दाखला आणि निबंधकांची पूर्वपरवानगी लागते. हेही अध्यक्षबाईंनी तिथेच सांगून टाकलं.

आता खर्च. दुरुस्तीचं टेंडर ४८ लाखांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी ८ लाख ६४ हजार, सल्लागाराची फी आणि वाढीव कामाची तरतूद मिळून ७ लाख ३६ हजार. एकूण ६४ लाख. हातातले १६ वजा जाता ४८ लाख उरतात. सभासदाला ४८ लाख ऐकू येत नाहीत, त्याला स्वतःचा आकडा हवा असतो. १६ हजार चौरस फुटांवर हा भार चौरस फुटाला ३०० रुपये पडतो. म्हणजे लहान घराला १ लाख २० हजार, मोठ्याला १ लाख ८० हजार. बारा हप्ते केले तर महिन्याला अनुक्रमे १० हजार आणि १५ हजार.

वाढीव कामाची तरतूद लपवू नये. प्लास्टर फोडल्यावरच आतली सळई किती गेली ते कळतं, त्यामुळे प्रत्यक्ष काम अंदाजापेक्षा वाढतं. हे आधी सांगितलं नाही, तर सहा महिन्यांनी जादा पैसे मागताना तीच सभा अध्यक्षांना चोर ठरवते.

हरकती दोन येतात. तळमजल्यावरचे काका म्हणतात, ‘गच्ची गळते वरच्यांची, मी का भरू?’ पण गच्ची, खांब, तुळया आणि बाहेरच्या भिंती यांचा खर्च सोसायटीचा, म्हणजे सगळ्यांचा. घरातल्या मोरी-संडासाची गळती मात्र ज्याची त्याने दुरुस्त करायची. अध्यक्षबाईंचं उत्तर एका वाक्याचं होतं : ‘काका, भेग पडलेला खांब तुमच्याच दाराशेजारी आहे.’

दुसरी हरकत जास्त वजनदार असते : ‘रिडेव्हलपमेंट होणारच आहे, मग हा खर्च कशाला?’ पुनर्विकासासाठी २०१९ पासून ५१ टक्के सभासदांची संमती पुरते हे खरं. पण विकासक निवडणं, करार, मंजुऱ्या यांत वर्षं जातात, आणि तोवर सगळे याच इमारतीत राहणार. म्हणून अध्यक्षबाईंनी तडजोड मांडली. आधी खांब, तुळया आणि गच्ची एवढंच काम घ्यायचं. बाहेरचा रंग आणि प्रवेशद्वार यादीतून बाद. टेंडरचे ४८ लाख अशी छाटणी करूनच आलेले आहेत.

शेवटी उरतो भरवसा. लोकांचा खरा अविश्वास खांबावर नसतो, कमिटीवर असतो. म्हणून पैशांसाठी वेगळं बँक खातं, केलेल्या कामाची सभासदांसमोर मोजणी करूनच बिल, आणि प्रत्येक बिलातून पाच टक्के रक्कम हमीची मुदत संपेपर्यंत राखून ठेवायची, या तीन गोष्टी भाषणातही हव्यात आणि ठरावातही.

बरीच भाषणं ठरावापाशी येऊन वाया जातात. ‘इमारतीची दुरुस्ती करावी असे सर्वानुमते ठरले’ एवढंच इतिवृत्तात लिहिलं, तर उद्या थकबाकीदाराकडून वसुली कशाच्या आधारावर करणार? ठरावात एकूण रक्कम, चौरस फुटाचा दर, हप्त्यांच्या तारखा, उशिरा भरल्यास व्याज आणि कंत्राटदार निवडण्याची पद्धत स्पष्ट असावी. विषयही नोटिशीत स्वतंत्रपणे छापलेला हवा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात लाखोंचा निधी मंजूर करून घेतला, तर एक तक्रार आली तरी तो अडकतो.

तुमच्या सोसायटीची नोटीस येईल तेव्हा सभेआधी सेक्रेटरींकडून ऑडिटचा अहवाल आणि टेंडरची तुलना मागून घ्या. आणि ‘विषय पुढच्या सभेत घेऊ’ असं कुणी म्हणालं, तर तोवर खांबाला टेकू कोण लावणार आणि कधी, हे त्याच सभेत लिहून घ्या.